तळं खोलीतून दिसत नाही

ऑफिसात त्यांना सगळे अप्रतिमराव म्हणायचे. तोंडावर नाही, पण फार लपूनछपूनही नाही. सहलींच्या त्या कंपनीचं माहितीपत्रक गेली एकोणीस वर्षं तेच लिहीत होते आणि त्यातलं एकही पान 'अप्रतिम' या शब्दाशिवाय छापखान्यात गेलं नव्हतं. डोंगर अप्रतिम, सूर्यास्त अप्रतिम, आणि एका वर्षी तर पायऱ्यांवरचा लोखंडी कठडासुद्धा अप्रतिम. लिहिलेल्या त्रेचाळीस ठिकाणांपैकी चार त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. बाकीची टेबलावरच, फोटो समोर ठेवून उरकलेली. फोटोग्राफर फोटो पाठवायचा, अप्रतिमराव चष्मा पुसायचे आणि अर्ध्या तासात एक नंदनवन तयार व्हायचं.

एरवी हा माणूस मितभाषी. लग्नाच्या वयात स्थळांना द्यायची माहिती त्यांनी स्वतःच लिहिली होती आणि त्यात स्वतःसाठी एकही विशेषण वापरलं नव्हतं. उंची, शिक्षण, नोकरी, 'पोहता येत नाही'. परिणाम दिसतच होता. वय छप्पन्न, दोन खोल्यांचं घर, आई जाऊन दोन वर्षं झालेली. दर रविवारी ताईचा फोन यायचा. जेवलास का, आणि काय जेवलास, असे ताईचे दोन ठरलेले प्रश्न. अप्रतिमराव उभ्याने ओट्यापाशी जेवायचे, पण तेवढं ती विचारायची नाही.

तर एका सोमवारी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे कंपनीच्या नव्या व्यवस्थापक. अप्रतिमरावांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि तिप्पट वेगाने बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर एक जाडजूड फाइल होती. एकाच पाहुणेघराबद्दल एका हंगामात अकरा तक्रारी. डोंगरावरचं ते सहा खोल्यांचं घर एक बाई चालवायच्या. माहितीपत्रकात त्या घरावर अप्रतिमरावांनी सात ओळी लिहिल्या होत्या. तळ्याच्या कुशीतलं नंदनवन. प्रत्येक खोलीतून तळ्याचं विलोभनीय दर्शन. हाकेच्या अंतरावर बाजारपेठ. रम्य सकाळी. सर्व आधुनिक सोयी. अखंड शांतता. आणि शेवटी, इथे कुणालाही कधी एकटं वाटणार नाही.

मॅडमनी फाइलमधलं एक पत्र त्यांच्या हातात दिलं. ते एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं, अक्षर सुरेख, भाषा अत्यंत सभ्य. तळं कुशीत आहे असं वाचून ते दोघं चहानंतर पाय मोकळे करायला म्हणून उतरले. उतरले ते उतरलेच. चढताना आजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि दोघं दोन तास एका दगडावर बसून राहिले, शेवटी दुधाची गाडी आली म्हणून वर पोचले. 'बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असल्याचे वाचले होते, म्हणून आम्ही हाकही मारून पाहिली,' असं आजोबांनी लिहिलं होतं.

अप्रतिमरावांना हसू यायला हवं होतं. पण त्यांना तो दगड दिसायला लागला आणि त्यांची मान खाली गेली.

मॅडमनी सरळ सांगितलं, की पुढच्या हंगामाच्या यादीतून ते घर काढून टाकायचं ठरत आलंय. बाईंचं सगळं गिऱ्हाईक आपल्याकडूनच जातं, म्हणजे आपण काढलं की त्यांना कुलूपच लावावं लागेल. पण मॅडमना वाटत होतं, की वाईट असेल तर तो मजकूर, घर नव्हे. म्हणून एक शेवटचा प्रयत्न. अप्रतिमरावांनी तिथे जाऊन राहायचं आणि सातच्या सात ओळी नव्याने लिहायच्या. नियम तीन. स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आकडा देता येत असेल तिथे विशेषण वापरायचं नाही. आणि छापण्याआधी प्रत्येक ओळीसमोर घराच्या मालकिणीने 'हे खरं आहे' म्हणून सही करायची.

"खरं लिहा, पण ते वाचून लोक आलेही पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "मला पंचनामा नकोय."

अप्रतिमराव दोन बस बदलून दुपारी तिथे पोचले. हंगाम संपलेला होता आणि सहाही खोल्या रिकाम्या होत्या. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचा भाव. कंपनीचा माणूस कशासाठी आलाय ते त्यांना माहीत होतं. त्यांनी आल्याआल्या सहाही खोल्या उघडून दाखवल्या, चादरी ओढून दाखवल्या, नळ सोडून दाखवले. एका नळाने जरा खाकरून पाणी दिलं तेव्हा त्यांचा जीव वरखाली झाला. नवरा गेल्यापासून आठ वर्षं हे घर त्या एकट्या चालवत होत्या, आणि त्याशिवाय दुसरं काही चालवता येत नाही असंही त्यांनी सांगून टाकलं.

अप्रतिमरावांनी घड्याळ काढलं आणि कामाला लागले. तळ्यापर्यंत उतरायला वीस मिनिटं लागली. चढायला पस्तीस. त्यातली पाच ते छातीवर हात ठेवून उभे होते, पण मोजायची तर सगळीच मोजायला हवीत असं त्यांनी प्रामाणिकपणे ठरवलं. 'प्रत्येक खोलीतून तळ्याचं दर्शन' हे तपासायला त्यांनी सहाही खिडक्यांत उभं राहून पाहिलं. चार खिडक्यांतून झाडं. दोन खिडक्यांतून झाडांच्या मधून एक चकाकणारी फट, तीही पंजे उंचावल्यावर. मग माहितीपत्रकातला फोटो काढला कुठून, हे त्यांनी मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी मुकाट्याने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. फोटोग्राफर टाकीवर चढला होता.

बाजारपेठ आठ किलोमीटरवर निघाली, दिवसातून दोन बस. रम्य सकाळ म्हणजे अकरा वाजेपर्यंत पांढरं धुकं, ज्यात स्वतःच्या चपला शोधाव्या लागतात. आधुनिक सोयींपैकी मोबाइल कुठेच लागत नव्हता. तो लागायचा फक्त मागच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ, आणि तोही उत्तरेकडे तोंड केलं तर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांची वही भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी धुण्याच्या दगडाजवळ उभं राहून त्यांनी पहिला मसुदा मॅडमना फोनवर वाचून दाखवला. तळं खोलीतून दिसत नाही. चढ फार आहे. सकाळी काही दिसत नाही. बाजार लांब आहे. फोन लागत नाही. गरम पाणी कमी पडतं.

मग मॅडम म्हणाल्या, की हे ऐकून आपल्याला तर घराच्या बाहेरच पडू नये असं वाटायला लागलंय. आधी नुसतं गोड होतं, आता नुसतं कडू झालं, एवढाच फरक. "तिथे दोन दिवस राहिलात ना? पळून का नाही आलात? ते लिहा."

अप्रतिमराव फोन खिशात टाकून तसेच उभे राहिले. पळून का नाही आलो, याचं उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं.

उत्तर जेवणाच्या खोलीत होतं. पहिल्या संध्याकाळी साडेसातला ते जेवायला गेले, तेव्हा बारा माणसांच्या त्या लांब टेबलावर एका टोकाला दोन ताटं होती. मालकीणबाईंनी वाढलं आणि स्वतः समोर बसल्या. अप्रतिमराव आधी इतके बावरले की त्यांनी सूप पाण्यासारखं गटागटा प्यायलं आणि जीभ भाजून घेतली. बाई हसल्या. मग त्या बोलायला लागल्या आणि तेही बोलायला लागले. 'विलोभनीय' म्हणजे नक्की कसं, असं बाईंनी विचारलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारला होता. त्यांनी कबूल केलं की नक्की माहीत नाही. ओळ भरायला बरा पडतो. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी कठड्याचा किस्सा सांगितला, आणि बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अप्रतिमरावांना भूक नव्हती तरी त्यांनी पुन्हा भाजी मागितली, कारण ताट संपलं की उठावं लागतं. समोर बसून कुणी जेवतंय, पाव मोडतंय, मीठ सरकवतंय, एवढ्यानेच त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

तर ते लिहायचं. अगदी तसंच नाही, पण त्या बाजूने. त्याच दुपारी ते पुन्हा तळ्याकडे उतरले. या वेळी घड्याळाबरोबर डोळेही उघडे ठेवले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इथल्या प्रत्येक गैरसोयीच्या पोटात काहीतरी आहे आणि ते तिच्याच दारातून मिळतं. गैरसोय लपवली की तेही हातचं जातं. चढ आहे म्हणून तळ्यावर गर्दी नाही. धुकं आहे म्हणून लवकर उठायची धडपड नाही. ज्याला काय चालणार नाही ते आधीच सांगितलं, तर उरलेला माणूस नाराज होणारच नाही. तो तेवढ्यासाठीच येईल.

त्यांनी लिहायला घेतलं. पहिली ओळ तीच ठेवली, पण ती आता एकटी नव्हती.

'तळं खोलीतून दिसत नाही. उतरायला वीस मिनिटं लागतात, चढायला पस्तीस. वाटेत दोन बाक आहेत आणि दुसऱ्या बाकावरून अख्खं तळं एकदम समोर येतं. गुडघे दुखत असतील तर तिथूनच परत फिरा, पाहायचं ते पाहून झालेलं असेल.

'सकाळी अकरापर्यंत धुकं असतं. फोटो काढायला येणाऱ्यांनी दुपार धरावी. उशिरा उठणाऱ्यांचं इथे काहीच बुडत नाही.

'मोबाइल फक्त मागच्या दारी लागतो. तिथे खुर्ची ठेवली आहे. ऑफिसचं काम बरोबर आणणाऱ्यांनी दुसरं ठिकाण पाहावं.

'बाजार आठ किलोमीटरवर, बस सकाळी नऊ आणि दुपारी तीनला. लागणारी औषधं बरोबर आणा. बाकी काही लागत नाही, असं दुसऱ्या दिवशी लक्षात येतं.

'गरम पाणी सात ते नऊ. सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर शेवटच्याला कोमट मिळतं.

'रात्री वाऱ्याने पत्रा वाजतो. एक आणि दोन नंबरच्या खोल्यांत तो ऐकू येत नाही. झोप सावध असेल तर त्याच मागून घ्या.'

त्यांनी हे धुण्याच्या दगडाजवळून मॅडमना वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, की मला कोमट पाण्याची ओळ सगळ्यात आवडली. कोमट पाणी कबूल करणारा माणूस तळ्याबद्दल खोटं बोलणार नाही, असं वाटतं. मग त्यांनी विचारलं की सातवी ओळ कुठे आहे, ती एकटं वाटण्याची.

सातवी ओळ अप्रतिमरावांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी बाईंना पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. त्या दिवशी बाई नवऱ्याच्या विसरभोळेपणाबद्दल बोलल्या, आणि अप्रतिमरावांनी आईबद्दल सांगितलं. तीही समोर बसून जेवायची आणि ताट पुरतं रिकामं होईपर्यंत उठू द्यायची नाही. हे त्यांनी ताईलाही कधी सांगितलं नव्हतं. खोलीवर येऊन त्यांनी एका दमात लिहिलं:

'जेवणाचं टेबल एकच आहे. एकट्याने आलात तरी एकट्याने जेवावं लागणार नाही. मालकीणबाई समोर बसतात.'

त्यांनी ते तीन वेळा वाचलं. एकही विशेषण नव्हतं. स्वतः पाहिलेलं होतं, तेही एकदा नव्हे तर तीनदा. एकोणीस वर्षांत लिहिलेली ही सगळ्यात चांगली ओळ आहे, असं त्यांना वाटलं आणि ते दिवा मालवून शांत झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी, धुकं अजून खिडकीला टेकलेलं असताना, मालकीणबाई सह्या करायला बसल्या. चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा पडला. हे वाचून कोण येणार, असं त्या पुटपुटल्या. पण बाकांपर्यंत आल्यावर थांबल्या. दुसरा बाक त्यांच्या नवऱ्याने बसवला होता, आणि तो तिथेच का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सही केली. धुक्याला केली. मागच्या दारी खुर्ची नव्हती, तेव्हा त्या उठल्या, स्वयंपाकघरातली एक खुर्ची बाहेर ठेवून आल्या आणि मग तिथे सही केली. कोमटच्या जागी त्यांनी 'गार' करायला लावलं. शेवटच्याला गारच मिळतं म्हणाल्या. अप्रतिमरावांनी आनंदाने बदललं. बाईंनाही आता खेळ समजला होता आणि त्या त्यांच्यापेक्षा काटेकोर निघाल्या होत्या.

सातव्या ओळीवर बोट आलं आणि थांबलं. त्यांनी ती पुन्हा वाचली. मग पेन उचलून ओळीवर एक सरळ रेघ मारली.

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या.

अप्रतिमरावांना वाटलं, लाजल्या असतील. त्यांनी हसून म्हटलं, की नियमाप्रमाणे स्वतः पाहिलेलंच लिहिलंय.

"तुमच्यासमोर बसले. पाहुण्यांसमोर नाही बसत कधी." बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही कंपनीकडून आलात. यादीत नाव राहावं म्हणून बसले. पाहुणे असले की मी वाढते आणि आत जाते. सहा खोल्यांचं करून दमलेली असते मी. आत ओट्यापाशी उभ्याने जेवते."

टाकीवर चढून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवला होता तसाच आपण या तीन संध्याकाळींवर ठेवला, हे अप्रतिमरावांना कळलं. फरक एवढाच, की तेव्हा फसली ती म्हाताराम्हातारी होती. त्यांचे कान तापले. बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. बाई ओशाळल्या होत्या आणि ते जास्त वाईट होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की मग पाहुणे एकटे आले तर इथे नक्की काय होतं. आवाज कामाचा ठेवला होता. बाईंनी आठवून सांगितलं, की काही होत नाही. जो तो आपापलं जेवतो. टेबल लांब आहे, माणसं एकेक खुर्ची सोडून बसतात. कुणी पुस्तक आणतं. कोण कुठला, एकटा का आला, असलं कुणी विचारत नाही. त्या स्वतःही विचारत नाहीत, विचारायला वेळ कुठे असतो.

अप्रतिमरावांनी पेन घेतलं. त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं, पण हात एकोणीस वर्षांचा होता. त्यांनी खोडलेल्या ओळीखाली लिहिलं:

'जेवणाचं टेबल एकच आहे, लांब. एकट्याने आलात तर एकट्यानेच जेवाल. कोण, कुठले, एकटेच का, हे इथे कुणी विचारत नाही. बोलायला येऊन कुणी तुमची तंद्री मोडणार नाही. सोबत हवी असेल तर बरोबर घेऊन या.'

बाईंनी वाचलं आणि लगेच सही केली. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

नऊच्या बसने अप्रतिमराव परत गेले.

माहितीपत्रक छापून बाहेर पडल्यावर पहिल्या महिन्यात त्या घराची चौकशी करणारे फोन निम्म्यावर आले. मॅडम दोन आठवडे त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. पण चौकशी करणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे खोली घेऊन टाकत होते, आणि घेतलेली खोली कुणी रद्द करत नव्हतं. हंगाम संपेपर्यंत सहा खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. तक्रार एकच आली. मागच्या दारची खुर्ची डुगडुगते म्हणून. घर यादीत राहिलं. आणि येणारी माणसं बहुतेक एकटी होती. नर्स, शिक्षक, दिवसभर लोकांशी बोलून घसा बसलेले विक्रेते, आणि एक बाई तर वर्षात तीनदा. मॅडमनी कारण विचारायला काहीजणांना फोन केले, तेव्हा तळ्याचं नाव थोड्यांनीच घेतलं. बाकीच्यांनी ती सातवी ओळ सांगितली.

उरलेली बेचाळीस ठिकाणंही याच पद्धतीने लिहायची असं ठरलं. अप्रतिमराव वर्षभर हिंडले. मोजलं, पाहिलं, सह्या घेतल्या. 'अप्रतिम' हा शब्द माहितीपत्रकातून गेला आणि हळूहळू ऑफिसातून त्यांचं नावही गेलं. नवीन कुणी ठेवलं नाही. आता त्यांना सगळे सर म्हणायचे आणि फारसं कुणी चेष्टा करायचं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी आठ दिवसांची रजा काढली आणि त्या घरात खोली घेतली. कंपनीकडून नाही, स्वतःहून, फोन करून, आपलं खरं नाव सांगून. ताईने रविवारी विचारलं, कुणाबरोबर जातोयस. ते म्हणाले, एकटाच, हल्ली लोक तसेच जातात. मनात मात्र त्यांनी जुळवून ठेवलं होतं. या वेळी आपण कंपनीकडून आलेलो नाही. घराच्या डोक्यावर टांगती तलवार नाही. आता बाई समोर बसल्या तर ते यादीसाठी नसेल. आणि बसतील, असं त्यांना वाटत होतं. नवऱ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज जसा झाला होता, तसा यादीसाठी होत नाही. एवढी एकच गोष्ट मोजता आली नव्हती, आणि ती तपासायलाच ते निघाले होते.

दारात बाईंनी त्यांना ओळखलं. चेहरा उजळला. प्रवास कसा झाला विचारलं, चार नंबरची किल्ली दिली आणि तेवढ्यात कुणीतरी टॉवेल मागितला म्हणून त्या गेल्या. साडेसातला अप्रतिमराव जेवायला गेले. लांब टेबलावर चारजण होते, एकेक खुर्ची सोडून. एका बाईंच्या हातात पुस्तक, एकाची नजर खिडकीत. कुणी मान वर केली नाही. अप्रतिमराव टोकाच्या खुर्चीवर बसले. समोरची खुर्ची रिकामी होती.

बाई वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आल्या. सूप वाढलं. अप्रतिमरावांनी घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाले, "दोन मिनिटं बसता का?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मग वाकून, त्यांच्या ताटातलं काही सारखं केल्यासारखं करत, तशाच हळू आवाजात बोलल्या.

"तुम्ही गेलात ना, त्यानंतर मी इथेच बसून जेवत होते. हंगाम सुरू होईपर्यंत. आत उभ्याने गिळवेना." त्यांनी मिठाची वाटी जरा सरकवली. "मग पाहुणे यायला लागले. आता नाही बसता येत. ही माणसं त्या ओळीसाठी येतात. मी तुमच्याशी बोलत बसले, की उद्या ह्यांना वाटेल त्यांच्याशीही कुणी बोलायला येणार. सही केलीये मी."

"मग आत येऊ का? ओट्यापाशी?"

बाईंनी मान हलवली. नाही म्हणायला त्यांना जड जात होतं, ते स्पष्ट दिसत होतं. "तुम्ही पाहुणे आहात आता," त्या म्हणाल्या. "एकाला आत घेतलं की तेही खोटंच झालं."

"बरोबर आहे," अप्रतिमराव म्हणाले. आणि ते बरोबर होतंच. त्यांनीच तर ते असं लिहिलं होतं, की त्यात कुठे फट राहू नये.

बाईंनी त्यांना न विचारता थोडी भाजी जास्त वाढली आणि त्या आत गेल्या. दार मागे लोटलं गेलं. आत ओट्यावर एक ताट ठेवल्याचा आवाज आला, एकच. अप्रतिमरावांनी चमचा उचलला आणि सूप निवेपर्यंत थांबले. टेबलावर कुणी काही विचारलं नाही.